साठ फ्रेमांचा हट्ट

मोबाइल गेमच्या सेटिंगचं पान उघडलं की बहुतेक लोक पहिल्यांदा एकच काम करतात: सगळे पर्याय उजव्या टोकाला नेऊन ठेवतात. ग्राफिक्स एचडी, फ्रेम रेट एक्स्ट्रीम, सावल्या चालू, कडा गुळगुळीत करणारं अँटी-अलायझिंग चालू. हप्त्यावर घेतलेल्या फोनमधला एखादा पर्याय न वापरता राहिला तर तेवढा हप्ता वाया गेला, अशी त्यामागची भावना असते. मग विसाव्या मिनिटाला फोनची पाठ पापड भाजण्याच्या लायकीची होते, पडदा आपोआप अंधारतो आणि समोरचा शत्रू चालायचं सोडून उड्या मारत पुढे यायला लागतो. यावर संशयितांची यादी तयारच असते. नेट स्लो आहे, सर्व्हर गंडलाय, कंपनीने अपडेट देऊन फोन मुद्दाम मंद केलाय, आणि घरात धाकटा भाऊ असेल तर त्याने काहीतरी डाऊनलोडला लावलंय. त्या उजव्या टोकांकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. पंधरा-वीस हजारांच्या फोनवर फ्रेमांची मर्यादा घालणं म्हणजे कमीपणा घेणं, असा या उजव्या टोकाच्या मंडळींचा समज आहे. खरी गोष्ट अशी की मर्यादा पडणारच असते. ती सामना सुरू होण्याआधी तुम्ही शांतपणे घालायची, की शेवटच्या झोनमध्ये फोनने घाबरून घालायची, एवढीच निवड आपल्या हातात असते. फोनला त्या कामाची अजिबात अक्कल नसल्यामुळे ते आपणच करावं, असं माझं मत आहे आणि ते मी आकड्यांनिशी मांडणार आहे.

उदाहरणाला बीजीएमआय घेऊ, कारण आपल्याकडे फोन तापवण्याच्या कामात या खेळाचा वाटा मोठा आहे. त्याच्या सेटिंगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. पहिली ग्राफिक्सची: स्मूथ, बॅलन्स्ड, एचडी असं करत वर जाणारी. एकेक चित्र किती नटवायचं हे ती ठरवते. दुसरी फ्रेम रेटची. सेकंदाला किती चित्रं काढायची हे ती ठरवते, आणि तिथे हाय म्हणजे 30, अल्ट्रा म्हणजे 40 आणि एक्स्ट्रीम म्हणजे 60. काही फोनांवर त्याच्याही वर 90 आणि 120 असतात. एका चित्राचा खर्च गुणिले चित्रांची संख्या, हा झाला फोनच्या चित्रकाराचा एकूण खर्च. गुणाकार म्हटल्यावर दोन्ही आकडे एकदम वाढवले की काय होतं, हे चौथीच्या मुलालाही कळतं, पण चौथीतली मुलंही हल्ली सगळं उजवीकडेच नेऊन ठेवतात. 60 फ्रेम मागितल्या की एक चित्र पूर्ण करायला फोनला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात, 40 मागितल्या तर 25, आणि 30 मागितल्या तर 33.3. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे त्यांच्यावरून थोडं भांडण आहे.

आता उष्णतेकडे येऊ. फोनला पंखा नसतो, त्यामुळे आत जेवढी वीज खर्च होते तेवढी सगळी उष्णता होऊन शेवटी त्याच्या पाठीतून आणि पडद्यातूनच बाहेर पडावी लागते. नेहमीच्या आकाराच्या फोनचा दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग मोजला आणि स्थिर हवेत उष्णता किती वेगाने निघून जाते याचा ढोबळ हिशोब लावला, तर एक सोपा आडाखा हाती लागतो. वारा नसलेल्या खोलीत, आत जळणाऱ्या प्रत्येक वॅटमागे फोन खोलीपेक्षा सुमारे 4 अंशांनी जास्त तापून स्थिरावतो. आडाखा अर्थातच ढोबळ आहे. फोन धातूचा की प्लास्टिकचा, कव्हर जाड की पातळ, धरणाऱ्याचे तळवे घामट की कोरडे, यांवर तो इकडेतिकडे सरकतो. पण भांडण मिटवायला पुरेसा आहे. दुसरा आकडा मर्यादेचा. फोन बनवणारे पृष्ठभागाचं तापमान साधारण 43 ते 45 अंशांच्या पलीकडे जाऊ देत नाहीत, आणि हा त्यांचा भित्रेपणा नव्हे. 44 अंशांची वस्तू कातडीला 6 तास टेकून राहिली तर भाजतं, हे 1947 सालीच प्रयोगांनी दाखवलेलं आहे. सहा तास सलग खेळणारी माणसं आपल्यात आहेत, याची फोनवाल्यांना पूर्ण कल्पना आहे.

तर खोली 30 अंशांची धरू, म्हणजे पुण्यातल्या मार्चमधली दुपार. एचडी आणि 60 फ्रेम, वर पडद्याचा उजेड आणि मोबाइल डेटा, असा सगळा मिळून फोन 5 वॅट जाळतोय असं मानू. पाच चोक वीस. फोनला 50 अंशांवर जाऊन स्थिरावायचंय आणि मर्यादा आहे 43 ची, म्हणजे हा संसार मुळातच न जमणारा आहे. पण तो लगेच मोडत नाही, आणि सगळी फसवणूक इथेच होते. 200 ग्रॅमचा फोन एका अंशाने तापवायला सुमारे 180 ज्यूल लागतात, म्हणजे तो उष्णता काही काळ पोटात साठवून ठेवू शकतो. 32 अंशांवरून निघालेल्या या फोनचं गणित केलं तर 43 गाठायला त्याला साधारण 11 मिनिटं लागतात. या 11 मिनिटांत सगळं झकास चालतं. विमानातून उडी मारली, घरं धुंडाळली, बंदूक मिळाली, दोघांना नॉक केलं, आणि मित्रांना सांगूनही झालं की "भावा, माझ्या फोनवर एचडी आणि एक्स्ट्रीम एकदम मक्खन चालतं." एरंगेलवरचा सामना जवळपास अर्ध्या तासाचा असतो. म्हणजे मक्खनाचा काळ संपतो तेव्हा सामन्याचा जेमतेम तिसरा हिस्सा झालेला असतो आणि शंभरातले निम्मे अजून जिवंत असतात. यूट्यूबवर नवा फोन दाखवणारे लोक पाच मिनिटं खेळून "लॅग बिलकुल नाही" असं सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. ते फक्त सहाव्या मिनिटाला उठून जातात.

अकराव्या मिनिटानंतर फोन काय करतो ते बघू. 43 अंश आणि खोली 30, म्हणजे फरक 13 चा. चाराने भागलं की सव्वातीन वॅट. यापुढे फोनला एवढ्यावरच भागवायचं आहे, मग तुम्ही सेटिंगमध्ये काहीही लिहून ठेवलेलं असो. म्हणून तो प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स चिपचा कमाल वेग खाली ओढतो, पडद्याचा उजेड कमी करतो, चार्जिंग लावलेलं असेल तर तेही हळू करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. आता या कपातीची पद्धत बघा. तिजोरीत खडखडाट झाल्यावर अर्थखातं सगळ्या विभागांना सरसकट वीस टक्के कपात लावतं, औषधालाही तेवढीच आणि उद्घाटनाच्या मांडवालाही तेवढीच, तसंच हे असतं. सावली ही चैन आहे आणि शत्रूची हालचाल ही गरज आहे, हे फोनला माहीत नसतं. मागणी एचडीची आणि 60 चीच कायम राहते, काम करणाऱ्याचा वेग फक्त घटतो, आणि मग 16.7 मिलिसेकंदांत व्हायचं चित्र कधी 22 मध्ये, कधी 30 मध्ये, आणि धूर-ग्रेनेडचा गोंधळ असला तर 45 मध्ये तयार होतं. त्यात वेग कमी केल्यावर फोन जरा थंडावतो, थंडावला की पुन्हा वेग वाढवतो, वाढवला की पुन्हा तापतो. फ्रेम 58 वरून 36 वर, तिथून 50 वर, मग 34 वर अशा हिंदकळतात. सरासरी काढली तर कदाचित 45 येईल आणि कागदावर ती स्थिर 40 पेक्षा चांगलीही दिसेल. पण नेम धरणारं बोट सरासरीवर चालत नाही. नेम धरायला पुढचं चित्र मागच्याइतक्याच अंतराने यावं लागतं, आणि ते आलं नाही की हाताला बसलेली सवय दर दोन सेकंदांनी निरुपयोगी ठरते.

म्हणून कपात करायचीच आहे तर अकलेने करावी, आणि तिची सुरुवात सावल्यांपासून व्हावी. सावली फुकट पडते हा बाहेरच्या जगातला नियम आहे. खेळात सावली पाडायची तर चिपला तोच देखावा सूर्याच्या जागेवरून पुन्हा एकदा मोजावा लागतो. कोणत्या वस्तूआड काय झाकलं जातंय ते ठरवायचं आणि मग तुमच्या नजरेतून चित्र काढायचं, आणि हे सेकंदाला साठ वेळा करायचं. साडेसहा इंचांच्या पडद्यावर, त्यातही खिडकीतून ऊन येत असताना, झाडाच्या सावलीची कड मऊ आहे की करवती, हे पाहणारा माणूस त्या क्षणी खेळत नसतो, तो मरण्याची वाट बघत असतो. कडा गुळगुळीत करण्याचंही तसंच. एचडीवरून स्मूथवर आलं की एका चित्राचा खर्च उतरतो. गवत-भिंती जरा सपाट दिसतात, पण शत्रू मात्र तेवढाच शत्रू राहतो. "एवढा महागाचा पडदा घेऊन असलं भकास चित्र बघायचं का?" हा आक्षेप मला मान्य आहे, फक्त तो चुकीच्या खेळाबद्दल घेतला जातो. एकट्याने डोंगरदऱ्या पाहत फिरायचा खेळ असेल तर सौंदर्यासाठी फ्रेम कमी कराव्यात, 30 वर ठेवाव्यात आणि सूर्यास्त बघावा. तिथे घाई नसते. जिथे लपलेला माणूस शोधून मारायचा आहे तिथे सूर्यास्ताची किंमत स्वतःच्या जिवाने मोजावी लागते.

चित्राचा खर्च उतरवल्यावर येते ती फ्रेमांची मर्यादा, आणि इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूने असतं. चिपची वीज ही नुसत्या वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेगाचा शेवटचा तुकडा सगळ्यात महाग पडतो आणि तो सोडून दिला तर बचतही सगळ्यात मोठी होते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी उतरले तर कागदावर चिपचा खर्च जवळपास निम्मा होतो. प्रत्यक्षात पडदा आणि मोबाइल डेटा आपापला वाटा खातच असतात, त्यामुळे पूर्ण फोनचा खर्च निम्मा होत नाही. पण स्मूथ आणि 40 फ्रेम लावून आपल्या उदाहरणातला फोन 5 वॅटवरून 3 वॅटवर आला असं धरायला हरकत नाही. तीन चोक बारा, खोली 30, एकूण 42. मर्यादा 43. म्हणजे हा फोन अर्धा तासच काय, बॅटरी संपेपर्यंत खेळला तरी थ्रॉटल होणार नाही. लक्षात घ्या, फोन स्वतःच्या कपातीनंतर सव्वातीन वॅटवर येणारच होता. आपण त्याला 3 वॅटवर ठेवलं. पाव वॅटाच्या फरकात आपल्याला स्थिर 40 फ्रेम मिळाल्या आणि त्याला मिळणार होती फक्त उचकी.

पण 40 हाच आकडा सगळ्यांनी डोळे मिटून लावावा असंही नाही, आणि इथे मधल्या किमतीच्या फोनांचं एक खास दुखणं आहे. पडदा स्वतःच्या तालाने चित्र बदलतो. 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी. त्यावर 40 फ्रेम आल्या तर प्रत्येक चित्राला दीड फेरी वाट्याला येते, आणि पडद्याला दीड फेरी कळत नाही. मग एक चित्र एक फेरी टिकतं, पुढचं दोन फेऱ्या, त्याच्या पुढचं पुन्हा एक. फोन थंडगार, फ्रेम मोजणीत ठणठणीत 40, आणि तरी चित्र लंगडतं. अशा पडद्यावर 30 किंवा 60 हेच खरे पर्याय. 120 हर्ट्झच्या पडद्यावर मात्र 40 चं प्रत्येक चित्र नेमकं तीन फेऱ्या टिकतं आणि सगळं एका चालीने चालतं. 90 हर्ट्झवाल्यांचं नशीब अधलंमधलं: 90 च्या खाली त्यांना 30 किंवा 45 बसतात, आणि 45 चा पर्याय खेळात नसतो. यात आणखी एक पाचर अशी की कित्येक फोन खोक्यावर 120 लिहितात आणि गेम सुरू झाला की बॅटरी वाचवायला पडदा गुपचूप 60 वर आणून ठेवतात. हे पकडण्यासाठी सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवायचं. सातव्यांदा डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात (आपल्याकडे सातवर बरंच काही पक्कं होतं), आणि तिथे रिफ्रेश रेट दाखवण्याचं बटण असतं. ते लावून गेम उघडला की कोपऱ्यात पडद्याचा खरा ताल दिसतो. हा आकडा पडद्याचा असतो, खेळाच्या फ्रेमांचा नव्हे. लोक 120 बघून पेढे वाटतात आणि खेळ आत 30 वर चाललेला असतो.

आता गंभीर खेळणाऱ्यांचा आक्षेप. तो असा, की 60 फ्रेममध्ये शत्रू आधी दिसतो, आणि 40 वर उतरणं म्हणजे हातपाय बांधून कुस्तीला उभं राहणं. यातला पहिला भाग खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. स्थिर 60 ही स्थिर 40 पेक्षा निःसंशय चांगली, आणि ज्याचा फोन विसाव्या मिनिटालाही स्मूथवर 60 धरून ठेवतो त्याने 40 वर मुळीच उतरू नये. वाद आहे तो अकरा मिनिटं टिकणाऱ्या 60 बद्दल. दोन चित्रांमधल्या अंतराचा फरक आहे सव्वाआठ मिलिसेकंदांचा. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला दोनशे-अडीचशे मिलिसेकंद लागतात, आणि गॅलरीत उभं राहून पकडलेल्या नेटवर्कचा पिंग ऐन वेळी सत्तर-ऐंशी सहज दाखवतो. ज्याला सव्वाआठ मिलिसेकंदांवर चार तास वाद घालायचा आहे त्याने आधी वाय-फायच्या राउटरजवळ बसावं. थ्रॉटल झालेल्या फोनवर एखादं चित्र 45 मिलिसेकंदांत येतं, त्यात तो सगळा फायदा व्याजासकट परत जातो, आणि तोही नेमका ज्या चकमकीत हवा असतो तिथेच जातो.

दुसरा आक्षेप पैशाचा: फोनमध्ये ताकद आहे, मी तिचे पैसे मोजलेत, ती मला पूर्ण हवी. यावर 2022 सालचं प्रकरण आठवावं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सॅमसंगच्या एका अंगभूत सेवेवरून दक्षिण कोरियात गदारोळ उठला. गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस नावाची ही सेवा ॲपची ताकद आपल्या मनाने कमी करते, असं ग्राहकांच्या लक्षात आलं. गीकबेंचने गॅलेक्सी एस 22 सह काही मालिका आपल्या यादीतून काढून टाकल्या. कंपनीला अपडेट देऊन नियंत्रण ग्राहकांच्या हाती द्यावं लागलं. ग्राहकांचा राग रास्तच होता, न विचारता केलेली कपात कोणालाच आवडत नाही. पण गंमत अशी की हे फोन मधल्या किमतीचे नव्हते, सगळ्यात वरचे होते, आणि त्यांनाही लगाम लागत होता. लगाम सोडवता आला तरी पृष्ठभाग तेवढाच राहतो आणि उष्णता तिथूनच जाते. पंधरा हजारांच्या फोनमध्ये ती पसरवायला आतले तांब्याचे आणि ग्राफाइटचे थरही बहुधा बेताचेच असतात. तुम्ही पैसे मोजलेत ते चिपच्या कमाल वेगाचे. तो वेग किती मिनिटं टिकतो हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. छापायची वेळ आली तर काय छापावं लागेल हे पाहायचं असल्यास 3डीमार्कची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट चालवावी. ती एकाच देखाव्याच्या एकेक मिनिटाच्या वीस फेऱ्या काढते आणि सगळ्यात वाईट फेरी सगळ्यात चांगल्या फेरीच्या किती टक्के भरली ते सांगते. मला विचाराल तर फोन घेताना विचारावा असा हाच एक आकडा आहे, आणि दुकानातला मुलगा त्याऐवजी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगतो.

तिसरा आक्षेप उपायांचा असतो. सेटिंग कशाला कमी करायची, फोन गार करू की! यात थोडं खरं आहे. मघाचा आडाखा स्थिर हवेचा होता. टेबलफॅनचा झोत फोनच्या पाठीवर नीट लागला तर वॅटमागचे 4 अंश उतरून सुमारे 2 वर येऊ शकतात. 30 अंशांच्या खोलीत 5 वॅटचा फोन मग 40 वरच थांबतो आणि एचडी-एक्स्ट्रीमवाल्यांची हौस नियमात बसते. म्हणून कव्हर काढणं आणि पंख्यासमोर बसणं हे दोन उपाय अस्सल आहेत, आणि दोन्ही फुकट असल्यामुळे कोणी करत नाही. त्याऐवजी लोक 'फोन कूल करणारं' ॲप टाकतात. ॲपला हवा मारता येत नाही. ते मागची चार ॲप बंद करतं, पडद्यावर बर्फाचे स्फटिक उडवून दाखवतं आणि ते दाखवण्यासाठी चिपला कामाला लावतं. चार्जर लावून खेळणं ही तर दोन्हीकडून शेकोटी: खेळाची उष्णता वेगळी आणि बॅटरी भरण्याची वेगळी. काही फोनांत बॅटरीला वळसा घालून वीज थेट खेळाला देण्याची सोय असते. ती नसेल तर आधी भरा, मग खेळा. आणि फ्रीजचं नाव काढू नका. जुलैत दादर-ठाण्याच्या हवेत इतकी वाफ असते की 25 अंशांच्या खाली गेलेली कोणतीही वस्तू बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं. ते दव चार्जिंगच्या भोकात आणि स्पीकरच्या जाळीतही धरतं. जास्तीच्या फ्रेम उघडून देणाऱ्या त्या फाइली बदलणाऱ्या ॲपांबद्दल एवढंच, की 40 न पेलणाऱ्या फोनला ती 90 ची परवानगी मिळवून देतात आणि वर खातं बंद पडण्याचा धोका पत्करायला लावतात.

आपल्याला नेमकी कोणती सेटिंग बसते हे ठरवायला अंदाज नको, एक पूर्ण सामना पुरे. लॉबीत किंवा ट्रेनिंग ग्राउंडवर दोन मिनिटं पळून काही कळत नाही, कारण तोवर फोनच्या पोटात जागा शिल्लक असते. स्मूथ आणि तुमच्या पडद्याला भाग जाणारी वरची मर्यादा लावायची, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, कव्हर असेल तसं ठेवून अर्धा तास खेळायचं, आणि शेवटच्या दहा मिनिटांकडेच लक्ष द्यायचं. सगळ्यात भरवशाची खूण पडदाच देतो. तुम्ही हात न लावता उजेड कमी झाला आणि स्लायडर वर नेऊनही वाढला नाही, तर फोनने कपात सुरू केलेली आहे. आकडाच हवा असेल तर बऱ्याच फोनांच्या गेम-पट्टीत तापमान दिसतं. नसेल तर संगणकाची सवय असलेल्यांना सामना संपताच हे विचारता येतं:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात temperature: 412 असं दिसलं तर अग्निशमन दलाला बोलावू नये. हा आकडा दहा पटींत असतो, बॅटरी 41.2 अंशांवर आहे. तो बॅटरीचा आहे, पाठीचा नव्हे, पण कल तोच सांगतो. मात्र वायर लावली की चार्जिंग सुरू होऊन फोन आणखी तापतो, म्हणून वायरलेस डीबगिंग वापरावं किंवा वायर लावल्या लावल्या पहिलाच आकडा घ्यावा. उजेड उतरला नसेल आणि चकमकीत उचकी लागली नसेल तर पुढच्या सामन्यात एक पायरी वर चढा. लागली असेल तर आधी सावल्या, मग ग्राफिक्स, आणि शेवटी फ्रेम, या क्रमाने खाली या.

ही परीक्षा डिसेंबरात पास झाली म्हणून वर्षभराचा दाखला मिळत नाही. मे महिन्यात अकोल्याच्या घरात दुपारी पंख्याखालीही हवा 36 अंशांची असते. मर्यादा 43 ची, म्हणजे खर्चायला उरले फक्त 7 अंश. स्थिर हवेत त्यात पावणेदोन वॅट बसतात, आणि त्यातला बराचसा वाटा पडदा आणि नेटच खाऊन टाकतात. टेबलफॅन थेट पाठीवर घेतला तर 3 वॅटचा, म्हणजे स्मूथ-40 चा, फोन 42 वर कसाबसा तगतो. कूलरसमोर बसायला मिळालं तर आणखी काही अंशांची चैन. नाहीतर 30 फ्रेम लावाव्यात, उजेड निम्म्यावर आणावा, आणि मोठा सामना सूर्य मावळल्यावर ठेवावा. गच्चीत खाट टाकून खेळणार असाल तर फोनची पाठ उशीला टेकवून ठेवू नका. कापूस हा उत्तम उष्णतारोधक आहे, आणि विदर्भात मुबलक मिळतो.